नदी बोलते, पण कुणाच्या तोंडून?



आपल्या खोऱ्यातल्या पोरांचं शिबिर झालं, त्यात एक तास लिखाणाचा होता. विषय दिला होता, आपल्या गावाला पिढ्यान्‌पिढ्या पाहणारी नर्मदा बोलायला लागली तर काय सांगेल. पोरांनी भराभर लिहून काढलं, कारण "नदीचे आत्मवृत्त" हा निबंध शाळेत सगळ्यांनी पाठच केलेला असतो. मी डोंगरात जन्मले, खळखळत खाली आले, शेतं पिकवली, माणसांनी मला घाण केलं, शेवटी सागराला मिळाले. वाचून झालं, टाळ्या झाल्या. मागे भिंतीला टेकून एक आजी बसली होती. ती म्हणाली, "ही नदी कुठली रे? हिनं आपलं गाव पाहिलंच नाही. हिला आपल्यातल्या एकाचंही नाव माहीत नाही."

त्या आजीच्या बोलण्यावरून हे लिहितो आहे. अलीकडे आपल्या पत्रकांत, पथनाट्यांत, मोर्च्यातल्या भाषणांत नदी फार बोलते. डोंगर बोलतो, मोहाचं झाड बोलतं. ते ऐकायला चांगलं वाटतं. पण माझं मत असं, की नदीला बोलतं करायचं असेल तर तिनं फक्त तेवढंच सांगावं, जेवढं तिला तिच्या जागेवरून दिसलं असेल. त्याहून जास्त सांगायला लागली की ती नदी राहत नाही. मग ती लिहिणाऱ्याची पोपटपंची होते, आणि त्यात आपलंच नुकसान होतं.

नदीला काय दिसतं याचा विचार करा. ती खाली आहे, गाव वर आहे. तिला सातबारा दिसत नाही, सर्वे नंबर दिसत नाही, कुणी कुठल्या कागदावर काय लिहिलं ते तिला माहीत नसतं. तिला काठ दिसतो. पाणी भरायला कोण उतरतं, गुरं कुठल्या वाटेनं येतात, होडी कुठे लागते, मेलेल्या माणसाला कुठे आणतात, पूर ओसरल्यावर गाळात कोण काय पेरतं, हे तिला दिसतं. समोरच्या उतारावर कुणाचा धूर निघतो, कुठल्या तुकड्यात ज्वारी उभी आहे, कुणी दगड रचून पाळ घातली, तेही दिसतं. तिचं वर्ष कॅलेंडरचं नसतं. ती पुरावरून मोजते. सप्टेंबर १९७० चा नर्मदेचा महापूर काठावरच्या म्हाताऱ्या माणसांना अजून आठवतो. कुणाचं लग्न, कुणाचं बाळंतपण, कुणाचं घर, हे त्या पुराच्या आधीचं की नंतरचं असं ते सांगतात.

संध्याकाळी आजीला मधे बसवून पोरांनी पुन्हा लिहिलं. एका मुलीनं लिहिलेलं असं होतं:

"मोठा पूर आला तेव्हा मी तुमच्या खालच्या पाड्यातल्या दोन घरांत शिरले. उतरले तेव्हा कुडाच्या भिंती नव्हत्या, दगडाचे ओटे राहिले होते. त्या दोन घरच्या माणसांनी पुढच्या उन्हाळ्यात वर टेकाडावर घरं बांधली. त्याच साली त्यांनी वरच्या उतारावर नेवाड काढलं. पहिल्या साली भगर होती, मग मका आणि तूर. शेताच्या मधले तीन मोह त्यांनी तोडले नाहीत. पावसात माती माझ्याकडे वाहून यायची. मग त्यांनी आडवी पाळ घातली आणि माती यायची कमी झाली."

टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. पण आजी म्हणाली, "हां, ही आपली."

आता यात काय आहे ते बघा. वनहक्काच्या दाव्याला लागणारा जवळजवळ सगळा पुरावा या सात-आठ ओळींत आहे. २००८ च्या वनहक्क नियमांतला नियम १३ सांगतो की पुरावा म्हणजे फक्त सरकारी कागद नाही. घर, झोपडी, जमीन सपाट केलेली, बांध घातलेला, ह्या डोळ्याला दिसणाऱ्या खुणा पुरावा आहेत. जुन्या विहिरी, मसणवट, देवाच्या जागा पुरावा आहेत. दावेदार सोडून गावातल्या दुसऱ्या जुन्या माणसाचा लिहून घेतलेला जबाबही पुरावा आहे. सामूहिक दाव्यासाठी गुरं चरायची रानं, मासे मारायच्या जागा, माणसांचं आणि गुरांचं पाणी, हेही मांडता येतं. नदीला काठावरून जे दिसतं तेच इथं लागतं.

मात्र नदीचा जबाब कमिटी घेणार नाही. ती सही करत नाही, अंगठाही देत नाही. म्हणून शिबिरात आम्ही त्या मुलीच्या लिखाणातली एक-एक ओळ घेतली आणि प्रत्येक ओळीला तीन प्रश्न विचारले. हे कुणी पाहिलं? याची खूण आज जागेवर आहे का? हे कोणत्या साली झालं?

"दोन घरं वर गेली" ही ओळ घ्या. पाहिलं कुणी, तर आजीनं. ती तेव्हा नवी नवरी होती. साल पुराचं, म्हणजे १९७० च्या पुढचा उन्हाळा. खूण मात्र अडली. जुने ओटे खालच्या पाड्यात होते आणि तो पाडा आता धरणाच्या पाण्याखाली आहे. तिथं आता कुणी पंचनामा करू शकत नाही. मग वरच्या घराचं जोतं, वरची पाळ आणि शेतातले तीन मोह, एवढ्या खुणा धरल्या. दुसरी अडचण अशी, की त्या दोन घरांतलं एक घर आजीचंच. तिचा मुलगाच दावेदार आहे. स्वतःच्या घरासाठी घरच्याच माणसाचा जबाब कमजोर पडतो. म्हणून तिचा जबाब शेजारच्या घरासाठी लिहिला आणि तिच्या घरासाठी पलीकडच्या पाड्यातल्या म्हाताऱ्या डायाचा घेतला. पाळीची लांबी आणि मोहांची जागा वन हक्क समितीनं जागेवर जाऊन नकाशात घेतली. असे एकाहून जास्त पुरावे एकमेकांना जोडले की दावा उभा राहतो.

आणखी एक सांगतो. "आम्ही हजारो वर्षांपासून इथं आहोत" हे नदीच्या तोंडून फार वेळा येतं. ते खरंही असेल, पण दाव्यात त्याला वजन नाही. आदिवासी दावेदाराला कायदा तीन पिढ्यांचा, पंचाहत्तर वर्षांचा पुरावा मागत नाही. ती अट इतर पारंपरिक वननिवासींना आहे. आपल्याला दाखवायचं आहे ते १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून ही जमीन आपण कसतो आणि आजही कसतो एवढं. म्हणून हजार वर्षं आठवणारी नदी आपल्या जितकी कामाची नाही, तितकी २००५ सालचा हिवाळा आठवणारी नदी आहे. त्या हिवाळ्यात त्या तुकड्यात काय उभं होतं? तूर होती का? कोण राखण करत होतं? पोरांनो, घरी जाऊन हे विचारा.

आपल्या गावाला पाहणारा, माणूस नसलेला आणखी एक साक्षीदार आहे. तो आभाळात आहे. उपग्रहाचा फोटो दाखवून "इथं शेती दिसत नाही, जंगल दिसतं" असं सांगून दावे परत पाठवले जातात. तो फोटो खोटं बोलतो असं मी म्हणत नाही. त्यालाही त्याच्या जागेवरून दिसतं तेवढंच दिसतं. शेतात मोह आणि आंबे उभे असले, तुकडा लहान आणि उतारावर असला, त्या साली जमीन पडीक ठेवली असली, तर वरून हिरवंच दिसणार. नदीला खालून पाळ दिसते, फोटोला वरून झाडाचा शेंडा दिसतो. म्हणून २०१२ च्या दुरुस्त नियमांत, १२-अ मध्ये, लिहिलं आहे की उपग्रहाचं चित्र इतर पुराव्याला जोड म्हणून वापरता येईल, त्यांच्या जागी नाही. फोटोवरून दावा परत आला तर हा नियम लिहून ग्रामसभेचा ठराव पाठवा, आणि त्या तुकड्यातली झाडं मोजून त्याला जोडा.

शेवटचा मुद्दा मला सगळ्यात जास्त टोचतो. धरणावर लिहिलेल्या कितीतरी गाण्यांत आणि नाटकांत नदी रडत रडत म्हणते, "मीच तुमचं गाव गिळलं, मला माफ करा." ऐकणाऱ्याच्या डोळ्यात पाणी येतं. पण यात काय झालं ते बघा. गुन्हा नदीच्या अंगावर गेला आणि ज्यांनी दारं लावली ते बाजूला राहिले. १९९३-९४ मध्ये मणिबेलीत पाणी शिरलं ते नदीच्या मनात आलं म्हणून शिरलं नाही. भिंत वर चढत गेली म्हणून शिरलं. जून २०१७ मध्ये सरदार सरोवराची दारं बंद करण्याचा निर्णय माणसांनी घेतला, आणि सप्टेंबर २०१९ मध्ये पाणी १३८.६८ मीटरपर्यंत भरलं.

खरी नदी एवढंच म्हणेल: "मी दर पावसाळ्यात चढायचे आणि उतरायचे. उतरले की तुम्ही गाळात टरबूज लावायचे. मग एका साली मी चढले आणि उतरताच येईना. खाली कुणीतरी भिंत बांधली होती." यात माफी नाही, रडणं नाही. पण ऐकणारा आपोआप विचारतो, भिंत कुणी बांधली? आणि माझी जमीन कुठे आहे?

शिबिर सुटल्यावर आजीनं त्या मुलीला बोलावून घेतलं आणि म्हणाली, "त्यात एक चुकलं बघ. मोह तीन नव्हते, चार होते. एक नंतर वादळात पडला." मुलीनं तिथंच उभ्या उभ्या वहीत दुरुस्ती केली. पडलेल्या मोहाचा बुंधा अजून शेतात आहे, असंही आजी म्हणाली. तो दाव्यात लिहायचा आहे.

जिंदाबाद!