पाठीवरचा आकडा कुणासाठी?

आंतरमहाविद्यालयीन टी-ट्वेंटीचे सामने जवळ आले की कॉलेजा-कॉलेजांत जर्सीची चर्चा सुरू होते. वाघ हवा की गरुड, बोधचिन्ह छातीवर की बाहीवर, प्रायोजकाचं नाव केवढं, यावर व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रात्र-रात्र खल चालतो. पाठीवरचा आकडा मात्र जर्सीवाल्यावर सोपवला जातो. तो संगणकातला जो फाँट हाताला लागेल तो लावून देतो.

आकडा मुळात परक्या माणसासाठी असतो. संघातली मुलं एकमेकांना चालीवरून ओळखतात. आकड्याची गरज असते ती स्कोअररला, विद्यापीठाच्या संघासाठी मुलं हेरायला आलेल्या निवडसमितीला आणि मुलाचा खेळ बघायला पहिल्यांदाच मैदानावर आलेल्या आई-वडिलांना. ही मंडळी बसतात सीमारेषेच्या बाहेर. पूर्ण आकाराच्या मैदानात खेळपट्टीपासून सीमारेषा साधारण 60 ते 80 मीटरवर असते. म्हणजे जर्सी शोभते की नाही हे हातभर अंतरावरून ठरवलं, तरी ती वाचता येते की नाही हे 70 मीटरवरूनच ठरायला हवं.

गणित अवघड नाही. डोळ्यांच्या डॉक्टरकडच्या तक्त्यावर 6/6 नजरेची जी ओळ असते, तिच्यातलं अक्षर डोळ्याशी 5 कलांचा कोन करतं. एक कला म्हणजे अंशाचा साठावा भाग. याच हिशेबाने 70 मीटरवरून जेमतेम वाचता येणारं अक्षर 10 सेंटिमीटर उंचीचं निघतं आणि त्याची रेघ 2 सेंटिमीटर जाडीची. पण तक्ता हलत नाही, त्याला सुरकुत्या पडत नाहीत आणि त्यावर काळं-पांढरं सोडून तिसरा रंग नसतो. पळणाऱ्या, वाकणाऱ्या, घामाने अंगाला चिकटलेल्या जर्सीसाठी हे माप दुप्पट तरी धरावं लागतं: उंची 20 सेंटिमीटर, रेघ 4. फुटबॉलमध्ये फिफाच्या नियमांनी पाठीवरचा आकडा 25 ते 35 सेंटिमीटरचा ठेवला आहे, तो उगीच नाही.

आता या मोसमात हमखास दिसणाऱ्या तीन तऱ्हा शेजारी-शेजारी ठेवून पाहू.

पहिली साधी: गडद निळी, त्यावर पांढरा ठसठशीत आकडा. मुलं तिला ‘बोअर’ म्हणतात. संगणकाच्या पडद्यावर रंगांमधला उजेडाचा फरक मोजायचं एक रूढ सूत्र आहे. त्यात एकाच रंगाला 1 आणि काळ्यावर पांढऱ्याला 21 गुण मिळतात. नेव्ही निळ्यावर पांढरा 16 पर्यंत जातो. कापडाचा रंग पडद्यासारखा नसतो हे खरं, पण क्रम तोच राहतो. ही जर्सी पॅव्हेलियनच्या शेवटच्या रांगेतूनही वाचता येते.

दुसरी तऱ्हा भडक निळ्यावर लाल आकड्याची. जवळून झकास दिसते, कारण रंग वेगळे आहेत. पण लांबून वाचताना डोळा रंगापेक्षा उजेड-अंधाराच्या फरकावर जास्त विसंबतो, आणि तिथे ही जोडी सूत्रात 2 च्या आसपास अडकते. यावर जर्सीवाल्याकडे ठरलेला उपाय असतो: आकड्याला बारीक पांढरी किनार. अर्ध्या सेंटिमीटरची ही किनार 70 मीटरवर वेगळी दिसतच नाही. ती लालात मिसळते आणि आकडा थोडा गुलाबी होतो, एवढंच. फरक पडायचा तर किनार चांगली 2 सेंटिमीटरची हवी, आणि एवढी जाड किनार द्यायची तर मग सरळ पांढराच आकडा का नको? लाल-हिरव्याची जोडी याहून वाईट. तो फरक ज्यांना जन्मतः कळत नाही अशी माणसं, विशेषतः पुरुष, प्रत्येक मैदानावर चार-दोन तरी असतातच.

तिसरी तऱ्हा सध्याची लाडकी. सब्लिमेशन प्रिंट म्हणजे कापड शिवण्याआधी सगळी नक्षी उष्णतेने पॉलिएस्टरमध्ये उतरवायची. यात रंग चार असोत की चाळीस, खर्चात फारसा फरक नाही, म्हणून डिझाइन करणाऱ्याचा हात थांबत नाही. काळ्यापासून राखाडीपर्यंत उतरत जाणारा रंग, पाठीवर वाघाचे पंजे, त्यावर पांढरा आकडा. वरचा अर्धा आकडा काळ्यावर येतो आणि छान दिसतो. खालचा अर्धा फिक्या राखाडीत विरघळतो. पंज्याचा एखादा पट्टा आकड्याच्या तोंडाशी आला की 3 चा 8 होतो, 5 चा 6 होतो. त्यात फाँट ‘स्टायलिश’, म्हणजे रेघ दीड सेंटिमीटरची आणि मधल्या फटी त्याहून बारीक. स्कोअरर सीमारेषेवरच्या मुलाला ओरडून विचारतो, ‘अरे, कॅच कुणी घेतला?’ हे मी एकदा नव्हे, अनेकदा ऐकलं आहे. तिन्हींत सर्वांत महाग दिसणारी हीच, आणि वाचायला सर्वांत वाईटही हीच.

काही कॉलेजं यावर फिकी आकाशी किंवा पांढरट जर्सी काढतात. तिच्यावर गडद आकडा उठून दिसतो, हे कबूल. पण हे सामने पांढऱ्या चेंडूने होतात. गोलंदाजाच्या फिक्या बाहीतून सुटणारा पांढरा चेंडू फलंदाजाला उशिरा दिसतो. रंगीत कपडे आणि पांढरा चेंडू यांची जोडी जमली आहे ती याच कारणाने. तेव्हा जर्सी गडद आणि आकडा फिका, हाच क्रम बरा. मरून कॉलेजांनी सोनेरी-पिवळा आकडा खुशाल घ्यावा, तो चांगला दिसतो. फक्त चमकणारी सोनेरी फॉइल नको, दुपारच्या उन्हात ती आरशासारखी चकाकते आणि आकडा जागच्या जागी गायब होतो.

जागेचीही एक गंमत आहे. क्रिकेटपटू जर्सी पँटमध्ये खोचतो. टेबलावर पसरलेल्या जर्सीवर बरोब्बर मधोमध दिसणारा आकडा खोचल्यावर कमरेच्या पट्ट्यात बुडतो आणि 2 चा तळ नाहीसा होतो. त्यात वर प्रायोजक, त्याखाली आडनाव, असं करत आकडा खाली-खाली सरकवला जातो. आडनावाची अक्षरं 5-6 सेंटिमीटरची, ती तीस-पस्तीस मीटरपलीकडे तशीही वाचता येत नाहीत. आडनाव मुलाच्या फोटोसाठी असतं, तेव्हा जागा कमी पडली तर पहिली कात्री त्याला लागावी.

आंतरराष्ट्रीय क्रिकेटलाही हे शहाणपण सावकाशच आलं. विश्वचषकात पाठीवर आकडे आले ते 1999 मध्ये. कसोटीच्या पांढऱ्या शर्टावर ते दिसले ऑगस्ट 2019 मध्ये, एजबॅस्टनच्या अ‍ॅशेस कसोटीत, आणि तेव्हाही जुन्या मंडळींनी नाकं मुरडलीच. पांढऱ्यावर गडद आकडा असल्याने तिथे वाचायची अडचण मात्र फारशी आली नाही.

जिमखान्याच्या सरांना विनंती एवढीच, की ऑर्डर देण्याआधी जर्सीवाल्याकडून खऱ्या मापाचा एक नमुना मागवा. तो एका मुलाला घालायला लावा, खोचायला सांगा, खेळपट्टीवर पाठमोरा उभा करा आणि तुम्ही सीमारेषेबाहेर जाऊन बसा. शेजारी संघाबाहेरचा कुणीतरी घ्या, ज्याला आकडा आधी ठाऊक नाही. मोबाइलवर त्याच मुलाचा एक कृष्णधवल फोटोही काढा. रंग गेल्यावर आकडा पाठीत मिसळला तर जोडी चुकली आहे. शेजारच्याने पहिल्या झटक्यात आकडा सांगितला, तरच आगाऊ रक्कम द्या.