गाडीचा ब्रेक आणि माझे मराठी

(द्वितीय वर्ष, वाणिज्य)

डिचोलीला माझ्या मामांचे दुचाकी दुरुस्तीचे दुकान आहे. सुट्टीत तिथे बसून त्यांची खतावणी लिहिणे हे माझे ठरलेले काम. अलीकडे दुकानात विजेवर चालणाऱ्या स्कूटर येऊ लागल्या आणि त्यांच्याबरोबर एक इंग्रजी पुस्तिकाही आली. त्यात मोटर, तिचा कंट्रोलर आणि ब्रेक यांची माहिती होती. दुकानातले जुने मेकॅनिक मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलेले. हात इतका तयार की इंजिनचा आवाज ऐकून दोष सांगतील. पण ती पुस्तिका त्यांच्यासाठी बंद पेटीसारखी होती. मामा मला म्हणाले, "तुझे सगळे शिक्षण मराठीत झाले आहे. एवढे मराठीत करून दे."

माझी शाळा दोडामार्गच्या बाजूला, महाराष्ट्राच्या हद्दीत. विज्ञान आम्ही मराठीतच शिकलो. मोटरला विद्युत चलित्र, जनरेटरला जनित्र, रेझिस्टन्सला रोध हे शब्द मला पाठ होते. पंधरा दिवस बसून मी ते काम पुरे केले आणि खरे सांगायचे तर मला त्याचा अभिमानही वाटला. रिजनरेटिव्ह ब्रेकिंगला मी लिहिले होते, ‘पुनरुत्पादक गतिरोधक’. मेकॅनिककाकांनी वाचले आणि विचारले, "बाय, गतिरोधक म्हणजे रस्त्यावरचा उंचवटा न्हय?" सगळे हसले, मीही हसले. त्या हसण्यात पुढचे संकट दिसायला हवे होते, ते दिसले नाही.

पुढच्या महिन्यात खतावणीत एकाच गाडीचे नाव तीनदा आले. दोनदा ब्रेक शू बदलले, एकदा केबल. गाडी मयेच्या बाजूला टेकडीवर राहणाऱ्या एका गुरुजींची. त्यांची तक्रार अशी: सकाळी घरून उतरताना मूठ सोडली की गाडी नेहमीसारखी आवरत नाही, पुढेच धावते. संध्याकाळी मात्र सर्व ठीक. एके सकाळी वळणावर ते थोडक्यात बचावले होते. तिसऱ्या खेपेनंतर काकांनी निदान केले की कंट्रोलरच गेला, नवा मागवावा लागेल. अशा गाडीत बॅटरी सोडली तर मोठ्या खर्चाच्या वस्तूंत कंट्रोलर येतो. मामा आकडा ऐकून गप्प झाले. निदानाला आधार काय, असे मी विचारले तेव्हा काकांनी माझीच वही पुढे केली. तिथे माझ्या अक्षरात लिहिले होते, ‘बॅटरी पूर्ण भरलेली असताना पुनरुत्पादक गतिरोधक निकामी होतो.’

इंग्रजीत शब्द होता ‘डिसेबल्ड’. मी त्याला ‘निकामी’ लिहिले. पुस्तिकेला म्हणायचे होते की कंट्रोलर ही क्रिया मुद्दाम थांबवतो. माझे मराठी म्हणत होते की एक वस्तू मोडते. काकांनी मराठी बरोबरच वाचले होते. चूक माझी होती.

आता ही क्रिया काय आहे ते सांगते, कारण ती समजल्यावाचून तिचे नाव ठेवणे म्हणजे न पाहिलेल्या माणसाचे चित्र काढणे. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी जुनी सायकल असेल, तिच्या चाकाला घासणारा डायनामो असेल. दिवा लावला की पायडल जड होते, हे आजोबांच्या पिढीतल्या कोणालाही ठाऊक आहे. वीज हवी तर चाकाकडून मेहनत घ्यावी लागते आणि चाक तितके मंदावते. स्कूटरची मोटर हेच करते. मूठ पिळली की बॅटरीतली वीज मोटरकडे जाऊन चाक फिरते. मूठ सोडली की चाक मोटरला फिरवू लागते, मोटर डायनामो बनते आणि कंट्रोलर ती वीज बॅटरीकडे वळवतो. वीज निघते म्हणून गाडी आवरते. शू झिजत नाही, ड्रम तापत नाही.

पण वीज परत जायला जागा हवी. बॅटरी रात्रभर चार्ज होऊन काठोकाठ भरलेली असेल तर आणखी वीज आत ढकलणे लिथियमच्या सेलला घातक असते. म्हणून कंट्रोलर परतीचा प्रवाह कमी करतो किंवा पूर्ण थांबवतो. डायनामोचा दिवा बंद केल्यावर पायडल हलके व्हावे तसे चाक मोकळे धावते. हाताच्या ब्रेकचे यात काही बिघडत नाही. तो पूर्वीइतकाच लागतो, फक्त सवयीपेक्षा जोराने दाबावा लागतो. गुरुजी रोज रात्री गाडी पूर्ण चार्ज करीत आणि सकाळी निघाल्याबरोबर उतार. संध्याकाळपर्यंत बॅटरी बरीच रिकामी झालेली, म्हणून तक्रार नाही. गाडीत दोष नव्हताच.

खात्री करायला काही यंत्र लागले नाही. गाडी सपाट रस्त्यावर फिरवून बॅटरी ऐंशी टक्क्यांच्या आसपास आणली आणि त्याच उतारावर नेली. गाडी आवरली. दुसऱ्या दिवशी पूर्ण चार्ज करून नेली, नाही आवरली. बॅटरी कमी असतानाही आवरली नसती तर मात्र शोध घ्यावा लागला असता: मूठ सोडल्यावर तिचा सिग्नल शून्यावर येतो का, ब्रेकच्या दांड्यातला स्विच कंट्रोलरला कळवतो का, गाडीच्या सेटिंगमध्ये ही सोय कोणी बंद केली आहे का. या दोन्ही तक्रारी ग्राहकाच्या तोंडी एकाच वाक्यात येतात, "ब्रेक सुटतो." त्यांतला फरक कळतो तो "केव्हा सुटतो?" या प्रश्नाने. माझ्या भाषांतरात हा ‘केव्हा’ होता, पण ‘निकामी’ने तो खाऊन टाकला.

‘पुनरुत्पादक’ या शब्दाचाही हिशेब मला द्यावा लागला. गुरुजींनी विचारले, वीज पुन्हा उत्पन्न होते तर मग चार्जिंग कमी करावे का? मी वाणिज्याची विद्यार्थिनी, पण शाळेतले गणित विसरलेले नाही. गाडी आणि माणूस मिळून 180 किलो आणि उतार 30 मीटर उंचीचा धरला तर मिळण्यासारखी सगळी ऊर्जा सुमारे 15 वॅट-तास होते. त्यातली निम्मी परत आली असे धरले तरी तीन युनिटांच्या बॅटरीत ती साधारण चारशेवा हिस्सा. ही नवी कमाई नाही, आधीच केलेल्या खर्चातला थोडासा परतावा आहे. म्हणून आता वहीत मी ‘परत-चार्ज’ असे लिहिले आहे. वसतिगृहात माझ्या खोलीत धारवाडकडची मैत्रीण असते. तिला अर्थ सांगितला तर ती म्हणाली, आमच्याकडेही ‘वापस’ म्हटले की कोणालाही कळेल. पंडितांना हा शब्द ओबडधोबड वाटेल. वाटू दे.

माझा पंडितांशी वाद नाही. दिनांक, महापौर हे शब्दही कोणीतरी घडवलेच होते आणि ते आज आपल्या तोंडी बसले आहेत. परंतु ते शब्द ज्या वस्तूंसाठी होते त्या वस्तू सगळ्यांना दिसत होत्या. इथे गोष्ट वेगळी आहे. मोटर, कंट्रोलर, बॅटरी, ब्रेक यांना दुकानात नावे आहेतच. त्यांना चलित्र आणि नियंत्रक म्हणून काकांचे ज्ञान तसूभर वाढत नाही. उलट नियंत्रक म्हटले की आपल्याला परीक्षा आठवते! मराठी हवे आहे ते न दिसणाऱ्या क्रियांसाठी: कोण थांबवतो, केव्हा थांबवतो, वीज कुठून कुठे जाते. नेमके तिथेच मी शेवटी ‘क’ लावून क्रियेची वस्तू केली आणि काका ती वस्तू गाडीत शोधत बसले. आणि ज्यांना वाटते की सर्व इंग्रजीच ठेवावे, त्यांना मी विचारते, ‘रिजन’ या शब्दातून सातवी शिकलेल्या माणसाला काय कळावे?

चलित्र आणि जनित्र या जोडीने एक वेगळेच नुकसान केले. शाळेत ते दोन स्वतंत्र धडे, दोन आकृत्या. म्हणून ती दोन यंत्रे, असे माझ्या डोक्यात बसले होते. पेडण्याला माझा मावसभाऊ हरमलच्या बाजूच्या भाड्याच्या स्कूटर दुरुस्त करतो. त्याच्याकडे चाकातच मोटर असलेली एक स्कूटर आली. बंद असतानाही ती ढकलली तर अडखळत, झटके देत जाई. त्याने ब्रेक सैल केला, बेअरिंग बदलले, व्यर्थ. मग त्याने बॅटरी तोडली, थोडा वेळ थांबला, कारण कंट्रोलरच्या कपॅसिटरमध्ये वीज शिल्लक असते, आणि कंट्रोलरकडून मोटरला जाणाऱ्या पिवळ्या, हिरव्या, निळ्या अशा तीन जाड तारा सोडवून एकमेकींना न लागतील अशा ठेवल्या. चाक लगेच मोकळे झाले. म्हणजे दोष कंट्रोलरमध्ये. त्याच्या आत मॉस्फेट नावाचे स्विच असतात. त्यांतला एखादा जळून कायमचा जोडलेला राहिला की फिरणाऱ्या मोटरने काढलेली वीज आतल्या आत फिरते आणि चाकाला धरून ठेवते. तारा सोडूनही चाक जडच राहिले असते तर दोष मोटरच्या वेटोळ्यात, बेअरिंगमध्ये किंवा ब्रेकमध्ये. ज्याला ‘मोटर फिरवली की ती डायनामो होते’ हे एक वाक्य माहीत आहे त्याला ही परीक्षा आपोआप सुचते. दोन धडे शिकलेल्या मला ती सुचली नसती.

पेडण्याहूनच कोकण रेल्वे गोव्यात शिरते. तो मार्ग 2022 साली पूर्णपणे विजेवर आला. तिथली नवी इंजिनेही ब्रेक लावताना वीज परत करतात, पण ती वरच्या तारेला आणि तिथून दुसऱ्या गाडीला. इंग्रजीत दोन्हींना एकच नाव आहे. स्कूटरला घेणारी बॅटरी एकटीच असते, ती भरली की व्यवहार संपला. म्हणून ‘परत’ लिहिताना कोणाला परत हेही लिहायचे, असे मी ठरवले आहे.

वही आता पुन्हा लिहून झाली आहे, एक शब्द सोडून. टॉर्कला आमच्या पुस्तकात बलाचे आघूर्ण होते. काका म्हणतात, चढावर मोटरची असते ती ‘ओढ’. पण चाकाचा नट किती टॉर्कने आवळायचा हेही त्याच पुस्तिकेत आहे आणि नटाला ओढ म्हणता येत नाही. तिथे ते म्हणतात ‘पीळ’. इंग्रजीच्या एका शब्दाला दुकानात दोन शब्द निघाले. कंट्रोलरच्या पानावर ओढ आणि नटांच्या तक्त्यात पीळ लिहावे असे माझ्या मनात आहे, पण काकांना विचारल्याशिवाय मी आता काही लिहीत नाही. ती जागा दिवाळीच्या सुट्टीपर्यंत कोरी ठेवली आहे.