हॉटेलात जेवलो, हॉटेलात उतरलो

मराठी माणूस इंग्रजी शब्द चुकीच्या अर्थाने वापरतो, ही तक्रार सुशिक्षितांमध्ये वारंवार ऐकू येते. मिसळ मिळते त्या जागेला तो हॉटेल म्हणतो, नवऱ्याला मिस्टर म्हणतो, स्टीलच्या पेल्याला ग्लास म्हणतो. हॉटेल म्हणजे राहण्याची जागा, जेवायचं ते रेस्टॉरंट, मिस्टर हे तर नुसतं नावाआधी लावायचं बिरुद. एवढंही आपल्या लोकांना कळू नये, असा या तक्रारीचा सूर असतो. मला ती मुळातच चुकीची वाटते. तिच्यामुळे गावाकडून शहरात आलेला मुलगा आपल्याच तोंडातल्या शब्दाला बिचकू लागतो, म्हणून तिचा समाचार घ्यायला हवा.

पूर्वपक्षाचा सगळा भार एका गृहीतकावर आहे: शब्द जिथून आला, तिथला अर्थ खरा आणि बाकीचे बिघडलेले. हा नियम हॉटेललाच लावून पाहू. इंग्रजीने हा शब्द फ्रेंचकडून घेतला. फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ सरदारांचा शहरातला वाडा असाही होता, आणि तिथे नगरपालिकेच्या इमारतीला आजही ‘ओतेल द व्हील’च म्हणतात. त्या इमारतीत मुक्काम करायला कोणी जात नाही. आणखी मागे गेलं तर पाहुण्यांच्या जागेसाठीचा लॅटिन शब्द लागतो. त्याच मुळातून हॉस्पिटलही निघालं. मग यातला खरा अर्थ कोणता? मूळ अर्थच प्रमाण मानायचा तर पहिले गुन्हेगार इंग्रज ठरतात.

हॉटेलऐवजी जो शब्द सुचवला जातो, त्याची कथा तर अधिक बोलकी आहे. फ्रेंचमध्ये रेस्टॉरंट म्हणजे आधी अंगात ताकद आणणारं मांसाचं सार. अठराव्या शतकात पॅरिसमध्ये असं सार विकणारी दुकानं निघाली आणि पदार्थाचं नाव दुकानाला चिकटलं. म्हणजे ज्याचा अर्थ सरकला म्हणून हॉटेल टाकायचं, त्याच्या जागी अर्थ सरकलेलाच दुसरा शब्द आणायचा!

आपल्याकडे हॉटेल जेवणाखाण्याकडे का वळलं, हेही पाहिलं पाहिजे. महिन्याच्या बोलीवर जेवण देणारी खाणावळ आपल्याकडे होती. मुक्कामाला धर्मशाळा होती, पुढे लॉज आलं. शब्द हवा होता तो वाटेल तेव्हा जाऊन, पैसे टाकून चहा-नाश्ता करता येईल अशा नव्या जागेसाठी. ती जागा हॉटेलने भरली. लॉजलाही मराठीत नेमकं काम मिळालं. ‘लॉजिंग-बोर्डिंग’च्या पाट्या वाचणाऱ्याला कुठे झोपायचं आणि कुठे जेवायचं यात कधी शंका पडली नाही.

पुढे तारांकित हॉटेलं आली आणि मुक्कामाचा अर्थही मराठीत शिरला. तरी घोटाळा होत नाही, कारण आपलं क्रियापद निवाडा करतं. ‘हॉटेलात जेवलो’ म्हटलं की एक जागा डोळ्यांसमोर येते आणि ‘हॉटेलात उतरलो’ म्हटलं की दुसरी. याच शब्दापासून आपण ‘हॉटेलिंग’ घडवलं. ‘या महिन्यात हॉटेलिंग फार झालं’ हे वाक्य कोणत्याही मराठी घरात कळतं, पण लंडनच्या माणसाला त्याचा अर्थ समजावून सांगावा लागेल. ज्या शब्दाला आपल्या भाषेत अशी संतती झाली, त्याला परका म्हणता येत नाही.

इंग्रजी शब्दांच्या बाबतीतच हे घडतं असंही नाही. खून हा शब्द फारसी. तिथे त्याचा मुख्य अर्थ रक्त, हिंदी-उर्दूतही मुख्यतः रक्तच. मराठीत रक्ताला रक्त होतंच, म्हणून खून हत्येपुरता उरला. शिकस्त म्हणजे फारसीत मोडणं, पराभव. आपण प्रयत्नांची शिकस्त करतो तेव्हा स्वतःला मोडेपर्यंत झटतो, हरलेलो नसतो. ‘तालुक्यात खून झाला’ हे वाक्य अशुद्ध आहे, कारण इराणात त्याचा अर्थ वेगळा आहे, असं आजवर कोणी म्हटलेलं नाही. मग फारसीला एक न्याय आणि इंग्रजीला दुसरा का? माझ्या मते याला एकच कारण आहे. फारसी राज्यकर्त्यांची भाषा राहिली नाही, आणि इंग्रजीसमोर आपण अजून परीक्षार्थी म्हणून उभे राहतो.

इथवर खंडन झालं. मला मांडायचं ते असं की, हे अर्थबदल अज्ञानातून होत नाहीत. बऱ्याचदा मराठीच्या जुन्या शब्दांनी पाडलेल्या वाटेनेच नवा शब्द चालतो. यजमान म्हणजे संस्कृतात यज्ञ करणारा. मराठीत तो घरधनी झाला आणि बायका नवऱ्याला ‘आमचे यजमान’ म्हणू लागल्या. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही आणि चारचौघांत ‘नवरा’ म्हणणं उघडंवाघडं वाटतं. तेव्हा आदराने दुरून निर्देश करणारा शब्द लागे. यजमान जुनं वाटू लागल्यावर तीच जागा मिस्टरने घेतली. ‘माझे मिस्टर बँकेत आहेत’ या वाक्यातलं ‘माझे’ आणि ‘आहेत’ पाहा. इंग्रजी मिस्टर नावावाचून सहसा उभा राहत नाही. मराठी मिस्टर नाव टाळण्यासाठीच आला आणि यजमानांचं आदरार्थी बहुवचनही त्याने घेतलं.

दुसऱ्या बाजूला कुटुंब पाहा. मागच्या पिढ्यांतले पुरुष ‘आमचं कुटुंब माहेरी गेलंय’ म्हणत, तेव्हा एकटी बायको अभिप्रेत असे. आज कुणी ‘फॅमिली गावी आहे’ म्हणतो, तेव्हा अनेकदा तोच अर्थ असतो. हा अर्थ इंग्रजीतून आलेला नाही, तो कुटुंबाकडून फॅमिलीला वारशाने मिळाला. बायकोला नाव न देता घरात मिसळून टाकण्याची ही रीत मला आवडत नाही. पण तो आक्षेप आपल्या समाजावर आहे, शब्दाच्या इंग्रजीवर नाही.

जिथे या सरकण्याने खरोखर अडतं, ती जागाही सांगितली पाहिजे. ‘पेशंट सिरियस आहे’ म्हटलं की मराठी नातेवाईक मुंबईहून निघतात, कारण मराठीत सिरियस म्हणजे आता भरवसा नाही. इंग्रजीत शिकलेला डॉक्टर हाच शब्द काळजीपूर्वक उपचार करावे लागतील अशा दुखण्यालाही लावतो. उलट ‘सिरियस नाही’ हे ऐकून घरचे निर्धास्त होतात आणि औषध अर्ध्यात सोडतात. हा घोटाळा ओळखायची खूण सोपी आहे: शब्द ऐकल्यावर समोरचा ‘म्हणजे वाचतील ना?’ असं विचारतो. तेव्हा शब्दाची शुद्धता शिकवत बसण्यापेक्षा डॉक्टरांनी ‘जिवाला धोका नाही, पण महिनाभर गोळ्या चुकवायच्या नाहीत’ असं पुरतं वाक्य बोलावं. तसंच ‘माय मिस्टर’ ही इंग्रजी बोलताना चूकच आहे. शब्दाचा अर्थ कोणत्या भाषेच्या नियमाने ठरवायचा हे वाक्याच्या भाषेवरून ठरतं.

मराठीची काळजी असणाऱ्यांनी दुसरीकडे पाहावं. ‘मी त्याच्याशी डिस्कस केलं आणि डिसाइड केलं’ यातले शब्द इंग्रजी कोशातल्या अर्थापासून तसूभर हललेले नाहीत. ते चर्चा आणि ठरवणं यांना नुसतं बाहेर ढकलतात. न बदललेले शब्द मराठीला अधिक पोखरतात. बदललेले शब्द मराठीने पचवलेले असतात.

मोल्सवर्थने आपल्या मराठी-इंग्रजी कोशात फारसी शब्दांपुढे उगमाची खूण केली आणि अर्थ मात्र मराठी माणसाच्या तोंडचा दिला. हॉटेल, मिस्टर, सिरियस यांनाही आजच्या कोशांत तशीच नोंद हवी: हॉटेल, नपुंसकलिंगी, पैसे देऊन खाण्यापिण्याची जागा, दुसरा अर्थ, उतरण्याची जागा.