फोटोत चकाकतो तो होलोग्राम खराच असतो का? जुनी गाडी घेण्याआधी नंबर प्लेटचा हा कोपरा नीट बघा

समजा, मेहकरमधल्या एका तरुणाला जुनी मोटारसायकल घ्यायची आहे. विकणारा चिखलीचा आहे. तो व्हॉट्सॲपवर फोटो पाठवतो. एमएच-२८ पासिंग, गाडी स्वच्छ, आणि नंबर प्लेटच्या कोपऱ्यात अशोकचक्राचा चकाकता होलोग्राम. ‘एचएसआरपी लावलेली आहे, कागद क्लिअर आहेत,’ असा मेसेजही सोबत येतो. मग फोटो बघूनच टोकन पाठवलं जातं.

अडचण इथेच आहे. होलोग्राम खरा की नकली हे एका फोटोवरून ठरवता येत नाही. अनेकदा तर फोटोत नकली जास्त चांगला दिसतो आणि खरा मळकट. गाडी चोरीची निघाली किंवा प्लेट दुसऱ्याच गाडीच्या नंबरची निघाली, तर पैसे जातात आणि पोलीस ठाण्याच्या चकराही माराव्या लागतात.

खऱ्या प्लेटवर काय असतं?

१ एप्रिल २०१९पासून विकल्या गेलेल्या नव्या गाड्यांना हाय सिक्युरिटी नंबर प्लेट, म्हणजे एचएसआरपी, कंपनीकडूनच येते. त्याआधीच्या गाड्यांनाही महाराष्ट्रात ती बंधनकारक झाली. दुचाकी आणि ट्रॅक्टरसाठी ४५० रुपये अधिक जीएसटी असा दर ठरला.

ही प्लेट ॲल्युमिनियमची असते. वरच्या डाव्या कोपऱ्यात २० बाय २० मिलिमीटरचा क्रोमियमचा होलोग्राम असतो आणि त्यात अशोकचक्र दिसतं. त्याच बाजूला खाली लेझरने कोरलेला एक कायमचा क्रमांक असतो. पुढच्या आणि मागच्या प्लेटचा हा क्रमांक वेगवेगळा असतो. तो गाडीच्या नंबराशी जोडून सरकारी ‘वाहन’ प्रणालीत नोंदवला जातो. प्लेट पुन्हा न वापरता येणाऱ्या स्नॅप लॉकने बसवतात.

एक गोष्ट मात्र बऱ्याच जणांना माहीत नसते. हा होलोग्राम चिकटवलेला स्टिकर नसतो. उष्णता आणि दाब देऊन त्याची फॉइल प्लेटवर उमटवलेली असते. त्यामुळे खऱ्या होलोग्रामच्या कडेवरून नख फिरवलं तर ते अडकत नाही. वरून चिकटवलेल्या स्टिकरची कड नखाला लागते, आणि काही महिन्यांच्या ऊन-पावसानंतर ती उचकटायला लागते.

रंग येतो कुठून?

होलोग्राममधले रंग शाईचे नसतात. फॉइलवर डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक रेषा दाबलेल्या असतात. दोन रेषांमधलं अंतर मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या आसपास असतं. प्रकाश त्यांच्यावर पडला की त्यातले रंग वेगवेगळ्या दिशांना फाकतात. जुन्या सीडीवर इंद्रधनुष्य दिसतं ते याच कारणाने. म्हणून मान थोडी हलवली की हिरव्याचा निळा होतो आणि चित्राचा एक भाग उजळून दुसरा विझतो.

कॅमेरा या सगळ्यातला एकच क्षण टिपतो. नकली बनवणारा बहुतेक वेळा तेवढाच क्षण छापतो. खऱ्या होलोग्रामचा स्कॅन चंदेरी कागदावर छापला की कागद चमकतो, पण चक्राचा रंग हलत नाही, कारण तिथे रेषा नाहीत, शाई आहे. दुसरा प्रकार थोडा फसवा असतो. बाजारात मिळणाऱ्या इंद्रधनुषी फॉइलवर चक्र छापतात. त्यात रंग बदलतात खरे, पण पूर्ण चौकोनावर एकसारखे पट्टे सरकतात आणि चक्र आपलं जागच्या जागी तसंच राहतं. खऱ्यात चमक चित्राच्या आतून बदलते.

फोटो दिशाभूल कशी करतो?

एचएसआरपीवरची पांढरी शीट प्रकाश आला त्याच दिशेने परत पाठवते. रात्री हेडलाइटमध्ये प्लेट उजळते ती त्यामुळेच. फ्लॅश मारून फोटो काढला तर ही पांढरी बाजू झगमगते. होलोग्राम मात्र आरशासारखा वागतो. फ्लॅश जरा तिरका पडला की प्रकाश भलतीकडे जातो आणि होलोग्राम काळपट दिसतो. म्हणजे फ्लॅशच्या फोटोत खरा होलोग्राम काळा दिसला, तरी तेवढ्यावरून त्याला नकली म्हणता येत नाही.

उलट छापील चक्र उजेड कुठूनही आला तरी रंगीत दिसतं. पाचही फोटोंत होलोग्राम अगदी सारखा, सुंदर निळा दिसत असेल, तर शंका घ्यायला तिथेच जागा आहे. शिवाय व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला की त्यातले बारीक तपशील पुसले जातात. सगळ्यात आधी लेझरचा क्रमांक वाचेनासा होतो.

मग मागायचं काय?

मेहकरच्या त्या तरुणाने फोटोऐवजी दिवसाउजेडी, फ्लॅश बंद ठेवून काढलेला दहा सेकंदांचा व्हिडिओ मागावा. मोबाइल प्लेटच्या डाव्या कोपऱ्याजवळ धरून डावीकडून उजवीकडे आणि मग वरून खाली हळूहळू फिरवायला सांगावा. चक्राच्या आतले रंग बदलतात का, ते त्यात दिसेल.

त्यानंतर दोन्ही प्लेटवरच्या लेझर क्रमांकाचे जवळून काढलेले फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवावेत. म्हणजे ते दाबले जाणार नाहीत. पुढे-मागे एकच क्रमांक असेल, क्रमांक कोरलेला नसून छापलेला असेल किंवा नसेलच, तर व्यवहार थांबवावा. एचएसआरपी बसवल्याची पावतीही मागावी. चारचाकीला समोरच्या काचेवर आतून एक तिसरा स्टिकर असतो. त्यावर दोन्ही प्लेटचे लेझर क्रमांक असतात, ते जुळवून बघावेत. हा स्टिकर काढायला गेलं की फाटतो. तो अखंड काढून दुसऱ्या गाडीला लावता येऊ नये म्हणून तसा बनवलेला असतो.

होलोग्राम खरा निघाला, तरी?

तपासणी तिथे संपत नाही. होलोग्रामचा साचा बनवण्याचं तंत्र काही गुपित राहिलेलं नाही. पैसा आणि यंत्र असलेला माणूस बऱ्यापैकी नक्कल करू शकतो. खरी प्लेट एका गाडीवरून उखडून दुसरीवर बसवण्याचा धोकाही असतोच. म्हणून स्नॅप लॉकच्या जागी साधे नट-बोल्ट दिसले, तर कारण विचारायला हवं.

होलोग्राम एवढंच सांगतो की प्लेट वरवर बरोबर दिसते. गाडी कुणाची, हे नोंदच सांगते. एमपरिवहन ॲपवर नंबर टाकून मॉडेल, इंधन आणि नोंदणीची तारीख बघता येते. गाडीवर कोरलेला चेसिस नंबर आरसीवरच्या नंबराशी स्वतःच्या डोळ्यांनी जुळवावा लागतो. त्यासाठी चिखलीला जावंच लागतं.

एचएसआरपीच्या मोहिमेत लोकांना मुदत कळली, शुल्क कळलं, दंडाची भीतीही कळली. खरी प्लेट ओळखायची कशी, हे मात्र फार थोड्यांना सांगितलं गेलं. प्लेट बसवतानाच होलोग्राम हलवून दाखवायला आणि लेझर क्रमांक पावतीवर वाचून दाखवायला दोन मिनिटंही लागणार नाहीत. ज्याने स्वतःच्या गाडीवरचा खरा होलोग्राम एकदा हलताना पाहिला, त्याला दुसऱ्याच्या गाडीवरचा छापील होलोग्राम सहजासहजी फसवणार नाही.