कॅमेरा सफरीला नेताना

खेडच्या एका भगिनींनी विचारले आहे की त्यांच्या यजमानांनी दोह्याहून कॅमेरा आणला आहे, सोबत दोन लेन्सेस आहेत आणि ऑक्टोबरमध्ये सारे कुटुंब बारा दिवसांसाठी अजमेर, जोधपूर आणि जैसलमेरला निघाले आहे. वाळू, गर्दी आणि रेल्वेच्या रात्री यांत तो नीट राहावा म्हणून काय करावे? प्रश्न अगदी योग्य आहे. मात्र त्यात एक गोष्ट राहून गेली आहे. कोकणातला कॅमेरा बहुतेक वेळा सफरीत बिघडत नाही, सफरीहून घरी परतल्यावर बिघडतो.

हे आम्ही आमच्या खर्चाने शिकलो. काही वर्षांपूर्वी दापोलीला जुलैमध्ये एक निकाह होता. पाऊस होता, पण कॅमेऱ्यावर एक थेंब पडू दिला नाही, याचे समाधान घेऊन आम्ही परतलो. बॅग तशीच कपाटावर ठेवली. ईदला ती काढली तेव्हा फोटो धुरकट येऊ लागले. लेन्स खोलून पाहिली तर आतल्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे. बुरशी. बॅगेचे अस्तर दमट होते आणि दोन महिने लेन्स त्या दमटपणात बंद राहिली होती. बुरशी काचेवरचा लेप खाते. दुरुस्तीवाल्याने काच साफ केली, पण लेपावर उमटलेला डाग आजही आहे.

आता सफरीच्या क्रमाने जाऊ.

पहिली चिंता रेल्वेतल्या चोरीची. कॅमेऱ्याची म्हणून ओळखू येणारी काळी बॅग, तीही कंपनीच्या नावाची, घेऊन फिरू नये. कॅमेरा आणि लेन्सेस जाड टॉवेलात किंवा गादीच्या छोट्या पाकिटात गुंडाळून साध्या खांद्याच्या पिशवीत ठेवा. साखळी-कुलूप मोठ्या सुटकेससाठी ठीक आहे, पण कॅमेरा सीटखाली ठेवूच नका. रात्री तो वरच्या बर्थवर झोपणाऱ्याच्या डोक्याशी, पट्टा हाताला गुंडाळून असावा. पिशव्या बहुधा गाडी स्टेशनात थांबते तेव्हा जातात. कोणी पाण्यासाठी खाली उतरतो, कोणी डुलकी घेतो. म्हणून रात्री अशा थांब्यांना घरातल्या एकाने जागे राहावे, हे आधीच ठरवून ठेवा.

निघण्यापूर्वी दहा मिनिटांचे एक काम करा. कॅमेऱ्याच्या तळाशी एक अनुक्रमांक असतो आणि प्रत्येक लेन्सवर तिचा वेगळा. तिन्हींचे फोटो काढा, बिलाचाही फोटो काढा आणि घरी राहणाऱ्या कोणाकडे तरी पाठवून ठेवा. फक्त स्वतःच्या मोबाइलमध्ये ठेवलेले पिशवीसोबतच जाऊ शकते. चालत्या गाडीत चोरी झाली तर १३९ या क्रमांकावर कळवता येते, टीटीई किंवा डब्यातल्या रेल्वे पोलिसांकडे तक्रारीचा फॉर्म भरता येतो आणि त्यासाठी प्रवास मध्येच सोडावा लागत नाही. चोरी कोणत्या हद्दीत झाली हे कळत नसले तरी कोणत्याही पोलीस ठाण्यात झीरो एफआयआर नोंदवता येतो. पण तिथे अनुक्रमांक नसेल तर ‘एक काळा कॅमेरा’ एवढेच लिहिले जाते, आणि उद्या तो सापडला तरी आपला म्हणून दाखवणार कसा?

अजमेरला दर्ग्यात कॅमेरे आणि मोठ्या बॅगा आत नेऊ देत नाहीत. मग पुष्कळ लोक चपलांसोबत पिशवीही बाहेरच्या दुकानात ठेवतात. चपलांचे ठीक आहे, पण कॅमेरा तिथे ठेवू नये. त्या दिवशी तो मुक्कामाच्या खोलीत कुलूपबंद सुटकेसमध्ये ठेवा, किंवा दोन गट करून जियारतीला जा. एक गट आत असताना दुसरा पिशवी सांभाळत बाहेर थांबेल. मशिदीत नमाजला उभे राहताना पिशवी मागे चपलांकडे ठेवण्याची आपल्याला सवय असते. ती पुढे, सजद्याच्या जागेच्या बाजूला, भिंतीशी किंवा खांबाशी असावी. आणखी एक, रोज रात्री मेमरी कार्डवरचे फोटो दुसरीकडे उतरवून घ्या आणि ते कॅमेऱ्याच्या पिशवीत ठेवू नका. कॅमेरा पुन्हा घेता येतो, पण अब्बा-अम्मींचा तिथला फोटो पुन्हा मिळत नाही.

जैसलमेरला जाताना स्लीपरच्या डब्यात असाल तर वाळू तुम्हाला स्टेशनाआधीच भेटेल. उघड्या खिडकीतून बारीक पीठ आत येत राहते आणि सकाळी चादरीवर त्याचा थर दिसतो. पिशवीतला कॅमेरा त्या वेळी चेनच्या प्लास्टिक पिशवीतही असावा. साम येथील वाळूच्या टेकड्यांवर जाताना कोणती लेन्स लावायची ते खोलीतच ठरवा आणि दार बंद करून, पंखा थांबवून लावा. टेकडीवर लेन्स बदलू नका, मग कितीही सुंदर दृश्य दिसो. लेन्स काढल्यावर समोर येते ती सेन्सरची जागा, आणि तिथे बसलेला कण पुढच्या प्रत्येक फोटोत दिसतो. लांब-आखूड होणारी झूम लेन्स फिरवताना हवा आत ओढते आणि हवेसोबत धूळही. म्हणून वारा सुटला की झूम कमी फिरवा. कॅमेऱ्यावर साधी प्लास्टिक पिशवी चढवून लेन्सपुरते भोक पाडले आणि रबरबँड लावला तर तेवढे पुरते. दिसायला फार बरे नाही, पण उंटावर बसलेल्या माणसाकडे कोण पाहतो?

संध्याकाळी खोलीत आल्यावर घाईत ओढणीने काच पुसण्याचा मोह होतो. वाळू काचेपेक्षा कमी टणक नाही. तिच्यावर कापड घासले की ओरखडे पडतात. आधी रबरी फुग्याने, म्हणजे ब्लोअरने, हवा मारून कण उडवा, मग मऊ ब्रश आणि अगदी शेवटी लेन्सचे कापड. फुग्याऐवजी तोंडाने फुंकू नका, थुंकीचे बारीक शिंतोडे उडतात. झूमचे कडे फिरवताना करकर आवाज आला तर थांबा, जोर लावू नका. आत खडा अडकला आहे आणि तो दुरुस्तीवाल्याचे काम आहे. सेन्सरवर धूळ आहे का हे पाहायचे असेल तर कॅमेऱ्यात F16 हा आकडा ठेवून स्वच्छ आकाशाचा फोटो घ्या. पडद्यावर मोठा करून पाहिल्यास राखाडी ठिपके दिसतील. एक-दोन ठिपक्यांची चिंता नको.

राजस्थानात कॅमेऱ्याला एक फायदाही होतो. तिथली हवा कोरडी असल्यामुळे बुरशीची भीती नसते. ती भीती परतीच्या गाडीत सुरू होते.

समजा तुम्ही एसी डब्यात आहात. रात्रभर कॅमेरा साधारण २३ अंशांवर थंड झाला. पहाटे खेडला उतरलात, बाहेर २९ अंश आहे आणि हवेत ८५ टक्के आर्द्रता. अशा हवेतली वाफ सुमारे २६ अंशांहून थंड असलेल्या कोणत्याही वस्तूवर पाणी होऊन बसते. फ्रिजमधून काढलेल्या बाटलीला पाणी सुटते तसेच. प्लॅटफॉर्मवर ‘एक शेवटचा फोटो’ म्हणून कॅमेरा बाहेर काढलात की काच आणि आतला धातू दोन्ही ओले होतात. बाहेरचे दिसते म्हणून आपण पुसतो, आतले राहून जाते. उपाय सोपा आहे. डब्यातच, उतरण्याआधी, कॅमेरा आणि लेन्सेस चेनच्या प्लास्टिक पिशवीत बंद करा. मग वाफ पिशवीच्या बाहेरच्या बाजूला बसते. घरी पोहोचल्यावर साधारण तासभर पिशवी उघडू नका. चुकून धुके बसलेच तर पुसू नका, लेन्स काढू नका, कॅमेरा चालू करू नका. ते आपोआप उडू द्या.

आणि मग कपाटावर नाही. स्वयंपाकघरातला रबरी कडा असलेला दहा लिटरचा हवाबंद डबा घ्या. त्यात १०० ग्रॅम सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारा छोटा मीटर ठेवा. मीटरवर ४० ते ५० टक्के दिसले पाहिजे. ६० च्या वर आठवडेच्या आठवडे राहिले तर बुरशीला हवे ते मिळते. तीसच्या खाली नेण्याची गरज नाही, फार कोरडेपणाही रबर आणि वंगणाला चांगला नाही.

इथे एक हिशेब लक्षात घ्या. दहा लिटर दमट हवेत जेमतेम पाव ग्रॅम पाणी असते, आणि १०० ग्रॅम जेल साधारण २० ग्रॅम आरामात धरते. म्हणजे डबा अधूनमधून उघडला तरी जेल महिनोन्‌महिने चालायला हवे. मग ते पंधरा दिवसांत का भरते? कारण आपण घामाचा पट्टा, गादीची बॅग आणि चामड्याचे कव्हर सगळे डब्यात कोंबतो. त्या एका बॅगेतच कितीतरी ग्रॅम पाणी असते. म्हणून डब्यात फक्त कॅमेरा आणि लेन्सेस जातील. बॅग आणि पट्टा आधी उन्हात कडकडीत वाळवून बाहेरच राहू द्या.

जेल नारंगी रंगाचे घ्या, ते ओले झाल्यावर हिरवे पडते. निळे टाळा, त्यातला रंग कोबाल्टचा असतो आणि तो स्वयंपाकघरात गरम करू नये. हिरवे झालेले दाणे कागदी पुडीतून काढून ओव्हनमध्ये ११० ते १२० अंशांवर दोनेक तास ठेवले की पुन्हा नारंगी होतात. ओव्हन नसेल तर जेवणाच्या कामाचा नसलेला जुना तवा आणि अगदी मंद आच. पूर्ण गार झाल्यावरच डब्यात ठेवा.

महिन्यातून एकदा लेन्स काढून अंधाऱ्या खोलीत एका टोकाकडून मोबाइलचा टॉर्च तिरका मारा आणि दुसऱ्या टोकाकडून पाहा. सुटे ठिपके ही धूळ, ती प्रत्येक लेन्समध्ये थोडी असतेच. दुधासारखा सारखा पातळ पडदा दिसला तर धुकटपणा. धागे किंवा फांद्या फुटलेल्या दिसल्या तर बुरशी. बुरशी दिसली की ती लेन्स इतरांपासून वेगळी ठेवा आणि लगेच दुरुस्तीवाल्याकडे न्या. सुरुवातीला ती निघते, लेपात उतरल्यावर डाग राहतो. ऑक्टोबरच्या सफरीनंतर पहिली तपासणी नोव्हेंबरच्या अखेरीस करा, आणि काही दिसले तर आम्हाला जरूर कळवा.