वाक्य संपण्याआधीच लागलेला अर्थ

‘नर्सने पेशंटला इंजेक्शन देणाऱ्या डॉक्टरांना बोलावले.’ हे वाक्य सहज वाचताना बहुतेक जण मध्येच अडखळतात. वाक्यात व्याकरणाची चूक नाही आणि अवघड शब्दही नाही. तरीही अडखळायला होते, कारण वाक्य संपेपर्यंत थांबण्याची मेंदूला सवय नाही.

या वाक्यात काय घडते ते शब्दाशब्दाने पाहू. ‘नर्सने’ म्हणताच कोणीतरी काहीतरी केले, अशी अपेक्षा तयार होते. ‘पेशंटला’ आणि ‘इंजेक्शन’ हे शब्द आले की आता फक्त ‘दिले’ यायचे बाकी आहे, असे मेंदू धरून चालतो. नर्स इंजेक्शन देत असल्याचे चित्र पूर्ण झालेले असते. तेवढ्यात ‘दिले’ऐवजी ‘देणाऱ्या डॉक्टरांना’ येते आणि चित्र कोसळते. पेशंट आणि इंजेक्शन या दोन्ही गोष्टी नर्सकडून काढून डॉक्टरांच्या हवाली कराव्या लागतात. नर्सच्या वाट्याला उरते ते फक्त ‘बोलावले’.

भाषा आणि मेंदू यांचा अभ्यास करणारे अशा वाक्यांना ‘बागेतल्या पायवाटेची वाक्ये’ म्हणतात. कोणाला भुलवून भलतीकडे नेण्याला इंग्रजीत तसा वाक्प्रचार आहे. मराठीत त्यांना चकव्याची वाक्ये म्हणता येईल. बोलणे कानावर पडते आणि विरून जाते. आलेले शब्द सुटे सुटे फार वेळ लक्षात ठेवता येत नाहीत. म्हणून प्रत्येक शब्द येताक्षणीच मेंदू तो आधीच्या शब्दांना जोडून टाकतो. रोजच्या बोलण्यात हा अंदाज बहुधा बरोबर ठरतो, म्हणून तो चाललेला आपल्या लक्षातही येत नाही. चकव्याच्या वाक्यात तो फसतो आणि उघडा पडतो.

हे प्रयोगांतून दिसले आहे. लिन फ्रेझियर आणि कीथ रेनर यांनी १९८२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात वाचकांच्या नजरेच्या हालचाली नोंदवल्या होत्या. अंदाज खोटा पाडणारा शब्द आला की नजर तिथे जास्त वेळ थबके आणि अनेकदा मागे वळे.

चूक कळली आणि दुरुस्त झाली की विषय संपला, असे वाटेल. खरी चिंतेची गोष्ट त्यापुढची आहे. कील ख्रिश्चनसन, फर्नांडा फेरेरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली एक साधा प्रश्न विचारून ती दाखवली. त्यांचे एक इंग्रजी वाक्य असे होते : ‘व्हाइल अ‍ॅना ड्रेस्ड द बेबी स्पिट अप ऑन द बेड’. अ‍ॅना स्वतः कपडे घालत असताना बाळाने पलंगावर ओकारी काढली, हा त्याचा अर्थ. मात्र ‘ड्रेस्ड’नंतर लगेच ‘बेबी’ आल्याने अ‍ॅनाने बाळाला कपडे घातले, असे आधी वाटते. वाक्य वाचून झाल्यावर ‘अ‍ॅनाने बाळाला कपडे घातले का?’ असे विचारले, तेव्हा अनेकांनी ‘हो’ म्हटले. चकवा न देणाऱ्या रचनेत तेच सांगितले, तेव्हा अशी चूक कितीतरी कमी झाली. म्हणजे वाक्याची नवी जुळणी झाली, तरी पहिला अर्थ पुसला गेला नाही.

इस्पितळात याची किंमत मोजावी लागू शकते. वरचे वाक्य पाळी बदलताना लिहिलेल्या निरोपात असेल आणि वाचणाऱ्याच्या मनात ‘नर्सने इंजेक्शन दिले’ एवढेच राहिले, तर डोसबद्दलची पुढची विचारपूस चुकीच्या माणसाकडे होईल. समोरासमोर बोलताना आवाजातला चढउतार आणि योग्य जागी घेतलेला थांबा चकवा टाळतो. कागदावर ती सोय नसते.

उपाय शब्दांच्या क्रमात आहे. ‘पेशंटला इंजेक्शन देणाऱ्या डॉक्टरांना नर्सने बोलावले’ असे लिहिले, तर नर्सने इंजेक्शन दिल्याचे चित्र उभेच राहत नाही. त्याहून बरे म्हणजे दोन वाक्ये करावीत : ‘इंजेक्शन डॉक्टर देतात. नर्सने त्यांना बोलावले.’ निरोप किंवा रुग्णासाठीच्या सूचना लिहिणाऱ्याने प्रत्येक वाक्य अर्ध्यावर तोडून पाहावे. त्या अर्ध्या भागातून भलताच अर्थ निघत असेल, तर वाक्य बदलावे.

‘समजले का?’ हा प्रश्नही इथे कुचकामी आहे. चुकीचा अर्थ मनात राहिलेल्या माणसालाही आपल्याला समजले असेच वाटत असते, आणि तो प्रामाणिकपणे ‘हो’ म्हणतो. त्याऐवजी कोणी काय करायचे, हे त्याच्याच शब्दांत सांगायला लावावे. पहिला अर्थ मनात राहिला असेल, तर तो तेव्हाच बाहेर येतो.