‘घरी मराठी बोला’ असं मी लिहिलं होतं

गेल्या वर्षी पहिल्या सत्राच्या पालकसभेला तिसरीतल्या एका मुलीचा भाऊ आला. कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या शाळेत असंच होतं. प्रगतिपुस्तक पालकांच्या नावानं निघतं, पण ते वाचतो घरातला शिकलेला मोठा मुलगा नाहीतर मुलगी. सभा संपल्यावर तो थांबला आणि म्हणाला, “मॅडम, तुम्ही लिहिलेलं मी अम्मीला वाचून दाखवलं. तेव्हापासून ती हिच्याशी बोलतच नाही.”

मी काय लिहिलं होतं? ‘वाचन-लेखनात सुधारणा आवश्यक. उच्चार स्पष्ट नाहीत. घरी मराठी बोलावे.’ अम्मीला मराठी समजतं, पण बोलायला जमत नाही. ती उर्दू सातवीपर्यंत शिकलेली, शिवणकाम करते. संध्याकाळी मशीन चालवता चालवता लेकीशी दखनीत गप्पा मारायची. भावानं तिचे शब्द सांगितले: “मै बोली तो उसकी मराठी बिगडती, इसके वास्ते मै चुपीच रहती.” मी लिहिलेल्या तीन वाक्यांनी मुलीचं वाचन तसूभर सुधारलं नव्हतं. घरातलं बोलणं मात्र बंद झालं होतं.

हे लिहिण्यामागचं कारण सांगते, सबब म्हणून नव्हे. महाराष्ट्रात २०१०पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. तिसरीला ६० गुण आकारिक, ४० संकलित, त्यावरून श्रेणी, आणि सोबत प्रत्येक मुलाची वर्णनात्मक नोंद. विचार चांगला होता. नोंद मुलाकडे पाहून लिहायची होती. पण लवकरच या नोंदींच्या तयार याद्या फिरू लागल्या: ‘स्पष्ट उच्चारात वाचन करतो’, ‘लेखनात शुद्धतेकडे लक्ष देणे आवश्यक’. ३८ मुलांची पुस्तकं दोन दिवसांत भरायची असली की हात यादीकडे जातो. माझाही गेला. ‘ब-२’ ही श्रेणी मुलीला ६१ ते ७०च्या मध्ये गुण मिळाले एवढं सांगते. ती कोणत्या शब्दापाशी अडते, हे ना श्रेणी सांगते ना यादीतलं वाक्य.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी तिला जवळ घेऊन बसले. तिनं आधी न पाहिलेला ८० शब्दांचा उतारा दिला. बसस्टँडवर हरवलेल्या कुत्र्याच्या पिल्लाची गोष्ट होती. तिच्या हातात एक प्रत, माझ्या हातात एक. ती वाचत गेली आणि चुकलेल्या शब्दावर ती जे म्हणाली तेच मी पेन्सिलीनं लिहीत गेले. मध्ये दुरुस्त केलं नाही. सगळं मिळून दहा मिनिटं लागली.

१४ शब्द चुकले. आकडा म्हणून हा ‘कच्ची’ म्हणायला पुरेसा. पण शब्द गटात मांडल्यावर चित्र बदललं. नऊ शब्द जोडाक्षरांचे होते आणि त्यांतले सहा एकट्या ‘र’चे: सूर्य, गर्दी, प्रकाश, प्रवासी, ट्रक, दुसऱ्या. ‘गर्दी’ला ती ‘गदी’ म्हणाली, ‘प्रकाश’ला ‘पकाश’. तीन शब्दांत तिनं ‘ळ’चा ‘ल’ केला: काला, वेल, वलचनीला. उरलेले दोन तिनं पहिलं अक्षर पाहून अंदाजानं ठोकले.

आता यातली वाचनाची चूक कोणती आणि बोलीचा फरक कोणता? हे ओळखायची साधी रीत आहे. पुस्तक मिटायचं आणि तोच शब्द तोंडी म्हणवून घ्यायचा. मी ‘गर्दी’ म्हटलं, तिनं स्वच्छ ‘गर्दी’ म्हटलं. म्हणजे कान आणि जीभ ठीक आहेत, अडचण डोळ्याला दिसणाऱ्या खुणेची आहे. मी ‘काळा’ म्हटलं, ती ‘काला’ म्हणाली. पण काळी वस्तू दाखव म्हटल्यावर तिनं लगेच फळा दाखवला. दखनीत ‘ळ’ नाही. हा शब्द ती बरोबर वाचते, बरोबर समजते, फक्त आपल्या घरच्या जिभेनं उच्चारते. त्यावर ‘उच्चार स्पष्ट नाहीत’ असं लिहिणं चुकीचं होतं. लिहिताना हा फरक नडतो, कारण ‘वेळ’ वेगळी आणि ‘वेल’ वेगळा. पण कानाला तो फरक शिकवणं सावकाशीचं काम आहे. ते मी वर्गात करायचं, अम्मीनं नव्हे.

मग मी गोष्टीवर तीन प्रश्न विचारले. दोनांची उत्तरं तिनं बरोबर दिली, अर्धी मराठीत, अर्धी दखनीत. ‘पिल्लू कुठे बसलं होतं?’ याला ती गप्प. उत्तर ‘वळचणीला’ या शब्दात होतं. मी म्हटलं, “छज्जे के नीचे.” तिनं लगेच चित्रावर बोट ठेवलं. म्हणजे गोष्ट समजली होती, एक शब्द ओळखीचा नव्हता.

शेवटी तिला स्वतःच्या घराबद्दल पाच वाक्यं लिहायला सांगितली. पहिलंच वाक्य होतं: ‘आमचा घर लहान आहे.’ हा निष्काळजीपणा नाही. दखनीत दोनच लिंगं आहेत आणि ‘घर’ पुल्लिंगी आहे. नपुंसकलिंग तिच्या घरच्या भाषेत नाहीच. ‘गर्दी’ तिनं ‘गरदी’ असं लिहिलं. कानानं ‘र’ नेमका टिपला होता, तो कुठे बसवायचा हे हाताला ठाऊक नव्हतं. वाचनातली आणि लेखनातली चूक एकच निघाली.

मराठीत जोडाक्षरातला ‘र’ रूपं बदलतो. ‘प्रकाश’मध्ये तो तिरकी रेघ होऊन खाली लोंबतो, ‘ट्रक’मध्ये अक्षराखाली टोपीसारखा बसतो, ‘दुसऱ्या’मध्ये आडवा होतो, ‘गर्दी’मध्ये डोक्यावर चढतो. त्यात रफार सगळ्यात फसवा, कारण तो लिहिला जातो ‘दी’वर आणि बोलला जातो ‘दी’च्या आधी. म्हणून पहिलं काम रफाराचं धरायचं ठरवलं. पण घरी सरावाला कोणते शब्द द्यायचे? अम्मीला मराठी वाचता येत नाही. मुलगी चुकली हे तिला कळणार कसं?

यादी करायला बसले तेव्हा उत्तर समोर आलं. गर्दी, सर्दी, बर्फ, खर्च, कर्ज, अर्ज, मर्जी, दर्जा. रफाराचे हे रोजचे मराठी शब्द फारसी-अरबीतून आलेले आहेत आणि अम्मीच्या तोंडी रोज असतात. मुलगी ‘गदी’ म्हणाली तर अम्मीला पाहावं लागणारच नाही, ऐकूनच कळेल की असा शब्द नसतो. मी जी भाषा घरातून बाहेर काढायला सांगितली होती, तीच नेमकी इथे उपयोगाची होती.

मग नवं पत्र लिहिलं. छोटी वाक्यं, मोठी अक्षरं, वाचून दाखवल्यावर समजेल असं:

‘आदरणीय अम्मी-अब्बू, नमस्कार. मागच्या वेळी मी घरी मराठी बोला असं लिहिलं. ते चुकलं. तुम्ही मुलीशी तुमच्या भाषेत भरपूर बोला. आज तिनं ८० शब्दांची नवी गोष्ट वाचली. ६६ शब्द बरोबर वाचले. गोष्ट तिला समजली. ती अडते ती जोडाक्षरांपाशी, जास्त करून ‘र’ असलेल्या. लिहितानाही तीच चूक होते. पुढचे चार आठवडे आपण एकच काम करू. सोबत आठ शब्दांच्या चिठ्ठ्या आहेत. रोज दहा मिनिटं तिनं चिठ्ठी उचलून शब्द वाचायचा. अम्मीनं फक्त ऐकायचं. शब्द ओळखीचा वाटला तर बरोबर. नाही वाटला तर “फिरसे देख” म्हणायचं, उत्तर सांगायचं नाही. मग तो शब्द घालून तिनं एक वाक्य बोलायचं, कोणत्याही भाषेत. भावानं रोज दोन शब्द सांगायचे आणि तिनं ते न पाहता लिहायचे. काळा-काला याबद्दल तिला टोकू नका, ते मी बघते. चार आठवड्यांनी मी नवा उतारा वाचून घेईन. जमत नसेल तर त्याआधीच कळवा.’

चार आठवड्यांनी नव्या उताऱ्यातले ‘र’च्या जोडाक्षरांचे दहापैकी आठ शब्द तिनं बरोबर वाचले. लिहिताना रफार आता येतो, पण कधी आधीच्याच अक्षरावर बसतो, ‘र्गदी’ असा. ‘आमचा घर’ अजून तसंच आहे. पुढच्या पत्रात हे दोन्ही लिहिलं. एका पत्रात एकच काम द्यायचं, हे मी आता पाळते. तीन कामं दिली की घरात एकही होत नाही. आणि ३८ मुलांची अशी पत्रं एकदम लिहिणं शक्य नाही, हेही खरं. मी आठवड्याला चार लिहिते. सगळ्यांची एक फेरी व्हायला दहा आठवडे लागतात. ज्यांचं वाचन जास्त अडलेलं, त्यांचा नंबर आधी.

आता तुमच्याशी बोलते, कारण शाळेचा कागद घरी वाचून दाखवणारे तुम्हीच आहात. ‘सुधारणा आवश्यक’ या शब्दांचं घरी जाऊन ‘कच्ची है’ असं भाषांतर करू नका. त्या शब्दांत तेवढीही माहिती नसते. शाळेत या आणि बाईंना, सरांना तीन गोष्टी विचारा. तिनं तुमच्यासमोर काय वाचलं? नेमके कोणते शब्द अडले? आणि मराठी न वाचता येणाऱ्या माणसानं घरी काय करायचं? पहिल्या दोन प्रश्नांना उत्तर नसेल तर नोंद मुलाकडे पाहून लिहिलेली नाही असं समजा आणि नम्रपणे म्हणा, “एकदा वाचून घ्या, मी थांबतो.” मला हे आधीच कुणी विचारलं असतं तर त्या घरात एक सत्र शांततेत गेलं नसतं.

मी दिलेल्या चिठ्ठ्या आठ होत्या. भावानं परत आणून दिल्या तेव्हा दहा निघाल्या. दोन अम्मीनं सांगून त्याच्याकडून लिहून घेतलेल्या: दर्गा आणि मुर्गी. मराठीत आपण कोंबडी म्हणतो, पण रफार तिथेही तोच आहे. दोन्ही चिठ्ठ्या मी ठेवून घेतल्या.